पुख्काच्या फासळ्या

शनिवारी कामावरून आल्यावर रुमेनाने बूटही न काढता मांजरीला स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उभं केलं. पुख्काची लव इतकी दाट होती की नुसतं बघून ती रोडावली की फुगली, काही कळायचं नाही. म्हणून हाताने बघायचं, असं जनावरांच्या दवाखान्यातल्या बाईंनी शिकवलं होतं. बोटं सपाट ठेवायची, दाबायचं नाही, नुसती फासळ्यांवरून फिरवायची. आपल्याच हाताच्या पाठीवरची हाडं लागतात तशी लागली तर ठीक. मुठीच्या उंचवट्यांसारखी टोचली तर मांजर वाळलंय. आणि तळव्यासारखं सगळं मऊच लागलं, हाड शोधायला दाबावं लागलं, तर ते जड झालंय.

आईच्या न्यूमोनियात बरेच दिवस हे बघायचं राहून गेलं होतं. आज बोटांना हाड लागलंच नाही. रुमेनाने लव दोन्ही बाजूंनी चापून धरली आणि वरून पाहिलं. फासळ्यांमागे कंबर आत जायला हवी, ती नव्हती. पाठ सरळ पिंपासारखी.

तिने मांजरीला काखोटीला मारलं आणि खालच्या मजल्यावर दोंकाचं दार वाजवलं.

"तूच खायला घालतेस ना हिला?"

"ये बाई, आधी आत तरी ये," दोंका म्हणाली. "माझ्या दोन बोक्यांना पुरत नाही, तुझ्या महाराणीला कुठून घालू?" तिने पुख्काच्या पोटाखालची लोंबती झोळी हलवली. "ही तर सगळ्याच मांजरींना असते."

"झोळी सोड. ती नुसती कातडी. इथे बघ, फासळ्यांवर."

दोंकाने बोटं फिरवली, मग जरा दाबली. तिचा चेहरा बदलला. "अगं, हिला कुणीतरी रोज मेजवानी देतंय. तुझ्या घरात आणखी कोण आहे?"

रुमेनाने मांजरीला उचललं आणि ती जिना चढून वर आली. 

घरात आणखी कोण, तर नेदेल्का, तिची आई. आजारातून उठलेली. अंगात ताकद आली नाही तर पुन्हा इस्पितळात न्यावं लागेल, आणि या वेळी परत येतील याची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. ईस्टरआधीचा मोठा उपास चालू होता, पण पाद्रीबाबांनी स्वतः घरी येऊन तिला सूट दिली होती. म्हणून रुमेना रोज सकाळी कामावर जायच्या आधी चीज, अंडं, कधी माशाचा तुकडा तिच्या पुढ्यात ठेवून जायची. संध्याकाळी ताट लख्ख असायचं. रुमेनाला बरं वाटायचं.

आई खिडकीशी बसली होती. अंगात दोन स्वेटर, वर शाल. रुमेनाने शाल बाजूला केली, स्वेटरखाली हात घातला आणि बोटं सपाट ठेवून फिरवली. दाबावं लागलंच नाही.

"थंड आहे गं तुझा हात," आई म्हणाली.

"चीज कोण खातं, आई?"

म्हातारीने खिडकीबाहेर पाहिलं. "उठले या दुखण्यातून, तर उपास पुरा करीन, असं बोलले होते मी देवाशी. बोललेलं मोडायचं कसं?"

"पाद्रीबाबांनी सूट दिलीय."

"ते पाद्रीबाबांचं. बोलले होते मी."

"मग मला सांगायचं."

"तू इतकी दमून येतेस. तुझ्याशी भांडायचं जिवावर आलं माझ्या. मांजर खातं, टाकून तर दिलं नाही."

रुमेना तिच्या शेजारी बसली. रागवायलाही बळ लागतं, ते तिच्यात उरलं नव्हतं. आणि आईने दिलेला शब्द मोडायला लावावा, असंही तिला वाटेना. रुमेना स्वतःही उपास धरून होती.

"देवाशी काय बोललीस? मांस, मासे, दूध, अंडी नाही. एवढंच ना?"

"एवढंच."

"जेवणार नाही असं नाही बोललीस."

आईने शाल पुन्हा अंगावर ओढून घेतली.

"राजमा करते. अक्रोड कुटून घालते. पावाला वाटलेल्या तिळाचा मऊ हलवा लावते. आणि तेल घालणार, चांगलं चमचाभर."

"तेल वर्ज्य असतं कडक उपासाला."

"आई."

बराच वेळ म्हातारी शालीची दशी बोटाला गुंडाळत राहिली. "बरं, तेल चालेल," ती म्हणाली. "पण त्या मांजरीचं खाणं एकदम तोडू नकोस. सवय लागलीय तिला."

"एकदम तोडत नाहीतच. जाड मांजर उपाशी राहिलं तर त्याचं यकृत बिघडतं. थोडं थोडं कमी करीन."

राजमा शिजायला वेळ लागला. रुमेनाने पुख्काला बाहेर काढून दार ओढून घेतलं आणि आईसमोर खुर्ची ओढून बसली. मांजर दाराबाहेर ओरडत होतं. नेदेल्काने क्रुसाची खूण केली, चमचा उचलला, फुंकर घातली.

"तू इथेच बसणार?"

"हो."

"रोज?"

"कामावर उशिरा येईन म्हणून सांगते," रुमेना म्हणाली, आणि डोकं मागे भिंतीला टेकून आईच्या तोंडाकडे जाणारा चमचा बघत राहिली.