निळ्या गोळ्याचा फोटो

तिचा नवरा आतषबाजीचा कारागीर. तीस वर्षं गोळे वळले, नळ्यांत भरले, उडवले. पण आपला निळा गोळा फुललेला त्याने धड पाहिला नव्हता. वर फुलायची वेळ झाली की हा खाली पुढची नळी पेटवण्यात गर्क. लोकांच्या व्हिडिओत निळा पांढराफटक दिसायचा. आज त्याचा शेवटचा कार्यक्रम. निळा एकच, पाचवा.

चार वर्षं फोटोचं काम तिच्याकडे होतं आणि चार वर्षं फोटोत नुसता धूर.

"गोळा नळीतून सुटल्याचं धप्प ऐकलं की एक मोज आणि दाब. इतकं सोपं!" तो दर वर्षी म्हणायचा, आणि धूर पाहून, "हात थरथरतो तुझा."

हे ऐकून तिचे कान किटले होते. गच्चीच्या कठड्यावर तिने फोन दोन विटांमध्ये घट्ट बसवला, नाइट मोड तीन सेकंदांवर ठेवला, उजेड बोटाने खाली ओढला. शेजारी दिराची टकळी चालूच होती.

"वहिनी, फ्लॅश लावा. झूम तरी करा!"

"भावजी, तुमचा फ्लॅश तळ्यापलीकडे पोचतो का? गप्प बसा जरा."

कार्यक्रमाचं मैदान तळ्याच्या पलीकडे, चांगलं किलोमीटरभर लांब. पहिला गोळा गेला. ठिणगी चढली, फुलली, आणि मग कुठे धप्प ऐकू आलं. ती चमकली. दुसऱ्यालाही तेच. नवरा नळीपाशी उभा असतो, त्याला धप्प लगेच ऐकू येतं. इथे यायला त्या आवाजाला तीन सेकंद लागतात! म्हणजे चार वर्षं ती शहाण्यासारखी गोळा विझायची वाट बघत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिसरा, चौथा तिने नुसता डोळ्यांनी मोजला. पाचव्याची ठिणगी निम्म्यावर आली तशी तिने श्वास धरला आणि हलकेच बोट टेकवलं. दीर काहीतरी बोलला. तिने ऐकलं नाही. धप्प आलं तेव्हा आभाळ निळं झालं होतं.

तो घरी आला तेव्हा तोंड काजळीने माखलेलं. तिने फोन पुढे केला. काळ्या आभाळात निळ्या रेषा, एकेक सुटी.

"बघ, या वेळी हात नाही थरथरला," तो म्हणाला.

"कधीच थरथरला नव्हता! अहो, तुमचं ते धप्प किलोमीटरभर चालत येतं. चार वर्षं मी बोलणी खाल्ली."

त्याने मनात हिशेब केला. खाली मान घातली. मग फोटो जवळ धरला आणि तो पाहतच राहिला.

"इतका निळा होता?" त्याने विचारलं.

फोन त्याच्या हातात हलू लागला. त्याला नीट दिसेना.

"द्या इकडे," ती करवादली, आणि त्याच्यापुढे फोन दोन्ही हातांनी स्थिर धरून उभी राहिली.