सत्त्याण्णव टक्के

कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्या टेबलावर 'साम्य तपासणी' अशी पाटी आहे. मुलं पाठीमागे त्याला चोरबाजार म्हणतात, हे मला ठाऊक आहे. शेवटच्या वर्षाचा प्रत्येक प्रकल्प अहवाल आधी माझ्याकडे येतो. सॉफ्टवेअर तो इतरांच्या लिखाणाशी ताडून बघतं आणि किती टक्के जुळतं ते सांगतं. पंधरापर्यंत चालतं. त्याच्या वर गेलं की मी शिक्का मारत नाही, आणि माझ्या शिक्क्याशिवाय तोंडी परीक्षेला बसू देत नाहीत. मी दुष्ट नाही. पण अठरा वर्षं 'मॅडम, ते माझंच आहे' ऐकून कान किटले की माणूस चेहरे बघायचं सोडतो आणि आकडा बघतो.

सोमवारी सकाळी चिमणी आली. नाव वेगळं आहे, पण ती एवढीशी, आणि आवाजही तसाच, म्हणून मी तिला चिमणीच म्हणते. स्थापत्य अभियांत्रिकीची मुलगी. जुन्या प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीला पडलेल्या भेगा तिनं सहा महिने दर मंगळवारी मोजल्या होत्या. तिची तोंडी परीक्षा मंगळवारी होती. गुण विद्यापीठाच्या पोर्टलवर भरायची मुदत शनिवारी पाचला संपणार होती. तिच्या हातात नोकरीचं पत्र होतं, पण निकाल दाखवल्याशिवाय रुजू करून घेणार नव्हते. गुण गेले नाहीत तर निकालासमोर 'राखीव' येतं, आणि मग पुढच्या सत्रापर्यंत बसा घरी.

आकडा आला अठ्ठावन्न.

"छान," मी म्हटलं. "निम्म्याहून जास्त दुसऱ्याचं. उरलेलं तरी कशाला लिहिलंस, दमली असशील."

"मॅडम, ते माझंच आहे." ती रडली नाही. "मोजमापं मी घेतलीत. सरांनी दर आठवड्याला वहीवर सही केलीय."

तिनं वही पुढे केली. सह्या होत्या. आकडे अहवालातल्या तक्त्यांशी जुळत होते. मग वाक्यं कुणाची, म्हणून मी स्रोत उघडला. आमच्याच कॉलेजचा, सात वर्षांपूर्वीचा अहवाल. तीच भिंत, जुने आकडे, पण वाक्यं शब्दाला शब्द तीच.

"ही वाक्यं कुठून आणलीस?"

"वरची भेग माझ्या हाताला येत नव्हती. तिथे एक उंच दादा यायचे. पट्टी धरायचे आणि सांगायचे, मी लिहून घ्यायचे. मला वाटलं, एम.ई.चे असतील. त्यांची तोंडी राहिलीय म्हणाले."

मी जुन्या अहवालावरचं नाव वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं. त्या पोराला आम्ही लांबड्या म्हणायचो. दारातून येताना मान वाकवायचा. त्याचा आकडा मला अजून तोंडपाठ होता, सत्त्याण्णव. 'नक्कल मारायची तरी थोडी लाज ठेवून,' असं मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, आणि लाल शाईत 'अमान्य' लिहिलं होतं. त्याचा निकाल राखीव राहिला. महिन्याभरात तो रस्त्यावरच्या अपघातात गेला. मी हळहळले आणि घरी जाऊन जेवले.

त्याचं सत्त्याण्णव कशाशी जुळलं होतं, हे मी तेव्हा उघडून बघितलंच नव्हतं. आता बघितलं. त्याच्या स्वतःच्या कच्च्या मसुद्याशी. मसुदा तपासताना 'संग्रहात ठेवू नका' असं निवडायचं असतं. नाहीतर मसुदा तिथेच राहतो, आणि आठ दिवसांनी पक्का अहवाल आला की सॉफ्टवेअर पोराला त्याच्याच लिखाणाचा चोर ठरवतं. मसुदा संग्रहात माझ्या लॉगिननं गेला होता. चूक माझी होती. फक्त माझी.

"मॅडम?" चिमणी म्हणाली.

"आकडे तुझे आहेत ना? मग वाक्यंही तुझीच लिही. एकदा दुरुस्त करून देता येतं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत आण. आणि भिंतीकडे जाऊ नकोस."

"आता ते तिथे नसतातच. परवा म्हणाले, माझं काम झालं."

विभागप्रमुख चांगले आहेत, फक्त कागदाला भितात. माझा अर्ज वाचून त्यांनी बाहेरच्या परीक्षकांना फोन करून चिमणीची वेळ शुक्रवारी शेवटची, चार वाजून दहा मिनिटांची, करून घेतली. मग मी दुसरा कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की सात वर्षांपूर्वीचा निर्णय चुकीचा होता, तो अहवाल मूळचाच होता, आणि चूक माझी होती.

"जुनी मढी कशाला उकरताय?" ते म्हणाले. लगेच त्यांनाच कसंतरी झालं. "म्हणजे, आता कुणाला काय फरक पडणार?"

"मला पडतो," मी म्हटलं आणि कागद आवक विभागात देऊन पोच घेतली.

गुरुवारी चिमणीचा अहवाल आला. नऊ टक्के. मी या वेळी स्रोत एकेक उघडून बघितले, मग शिक्का मारला. वाक्यं जरा अडखळत होती, पण तिची होती.

शुक्रवारी साडेचारला ती ग्रंथालयात आली. चेहरा फुललेला.

"झाली मॅडम. छान झाली."

"एवढ्या लवकर सोडलं?"

"हो, पुढचा नंबर होता ना. दादा आत गेलेत. बाकावर माझ्या मागेच बसले होते."

वेळापत्रक माझ्यासमोर होतं. तिच्यानंतर कुणाचंही नाव नव्हतं.

मी धावत वर गेले. या वयात जिना धावत चढणं म्हणजे गुडघ्यांशी भांडण, पण गेले. खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून परीक्षकांचा आवाज येत होता. ते प्रश्न विचारत, मग बराच वेळ काहीच ऐकू येत नसे, मग ते म्हणत, "बरोबर." पुन्हा प्रश्न. पुन्हा तेवढीच शांतता. "बरोबर. अगदी बरोबर." माझा हात दाराच्या कडीवर होता आणि तो मला हलवता येईना. मला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती.

शेवटी मी दार उघडलं. परीक्षक एकटेच होते, पिशवी आवरत होते. समोरची खुर्ची जरा मागे सरकवलेली होती, लांब पायांच्या माणसाला लागते तेवढी.

"शेवटचा मुलगा यादीत नव्हता, मी हातानं लिहिलाय," ते म्हणाले. "सर्वांत चांगला तोच बोलला. एवढा उशीर का केलास विचारलं, तर म्हणाला, मॅडमचा शिक्का आत्ता मिळाला."

त्यांनी यादी आणि त्याच्या अहवालाची प्रत माझ्या हातात दिली. यादीत चिमणीला शंभरपैकी ब्याऐंशी होते. खाली परीक्षकांच्या अक्षरात त्याचं नाव होतं, समोर एक्याण्णव. प्रत जुनी होती, स्पायरल गंजलेलं. ती माझ्या कपाटात असते, आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. पहिल्या पानावर माझं लाल 'अमान्य' होतं. त्याच्या खाली माझा गोल शिक्का, आजच्या तारखेचा. मी बोट ठेवलं तर शाई बोटाला लागली.

परीक्षक जिना उतरून गेले. व्हरांड्यात बाकाशिवाय काही नव्हतं. मी त्या बाकासमोर उभी राहिले.

"ते तुझंच होतं रे," मी म्हटलं. "मी बघितलं नाही."

बाक करकरला, कुणी उठल्यावर करकरतो तसा. मग व्हरांड्याच्या टोकाचं दार आपसूक उघडलं, आणि कुणीतरी मान वाकवून बाहेर पडेल एवढा वेळ ते तसंच उघडं राहिलं.