उणे तीनचा हट्ट

विभागप्रमुखांच्या आदर्श उत्तराची पहिली ओळ होती, 'दोन्ही डायोड चालू आहेत असं मानू.' शेवटची होती, 'म्हणून पहिल्या डायोडमधून उणे तीन मिलिअँपिअर.' पेपर तपासणाऱ्या मॅडमनी कपाळाला हात लावला. म्हणजे बरोबर लिहिणाऱ्या पोरांना भोपळा!

"सर, डायोड प्रवाहाला एकाच दिशेनं जाऊ देतो. मग चालू डायोडमधून प्रवाह उलटा जाईलच कसा? उणे आलं म्हणजे मानलेलंच चुकलं. आता पहिला बंद मानून सोडवा. दुसऱ्यातून सरळ चार मिलिअँपिअर जातात, पहिल्यात प्रवाह शिरतो त्या टोकाला उणे चार व्होल्ट येतात आणि बाहेर पडायचं टोक शून्यावर. म्हणजे तो बंदच राहतो. जुळलं की नाही?"

"माझं गणित बरोबर आहे," सर म्हणाले. "फार तर प्रवाहाचा बाण उलटा काढा."

"बाण उलटा काढून डायोड उलटा होत नाही हो!"

शेवटी मॅडमनी त्यांना प्रयोगशाळेत नेलं, तेच सर्किट जोडलं आणि पहिल्या डायोडच्या वाटेत मीटर लावला. शून्य.

"मीटर बिघडलाय." दुसरा मीटर लावला. शून्य.

"मग डायोड उडालाय." डायोड बदलला. शून्य.

"हा सगळा मालच भंगार दिसतोय," असं पुटपुटत सरांनी कपाटातून डायोडचं नवं पाकीट काढलं.

मॅडमचं डोकंच फिरलं. या माणसाला अख्खी प्रयोगशाळा बिघडलेली चालत होती, पण स्वतःची पहिली ओळ चुकलेली चालत नव्हती. त्यांनी सरांच्या हातातलं पाकीट काढून घेतलं आणि त्या जागी खोडरबर ठेवलं.