डोक्यावरची टोपी

सरांना औषधाचा विद्युतभार कागदावर काढून दाखवायला मी गेलो नव्हतो. तोंड दाखवायला गेलो होतो, आणि तेही चार दिवस टाळून.

आमच्या प्रयोगशाळेत रुग्णाच्या गाठीवरून त्याच्यापुरतं पेप्टाइड बनवतात. अमिनो आम्लांची छोटी साखळी, टोचली की शरीर त्या गाठीला ओळखायला शिकतं. या वेळी रुग्ण होते माझे सर. ज्यांनी मला पीएच म्हणजे काय ते शिकवलं, तेच. डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन आठवड्यांत सुरू झालं तरच उपयोग. नवं बनवून, तपासून हातात यायला पाच आठवडे लागतात. म्हणजे एकच संधी, एकच कुपी, चाळीस मिलिग्रॅम.

आणि या कामाला मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. शहाणा ना मी!

शेवटची पायरी शुद्धीकरणाची. कॉलम म्हणजे बारीक मण्यांनी भरलेली नळी. तिच्यातले मणी ऋण भाराचे, त्यामुळे धन भाराची साखळी त्यांना चिकटते आणि बाकीचं वाहून जातं. म्हणून आधी भार काढायचा. साखळीत एक लायसिन, एक आर्जिनिन, दोन्ही धन. एक ग्लुटामिक आम्ल, ते ऋण. साखळीच्या शेपटीचं कार्बॉक्सिल ऋण, डोक्याचं म्हणजे सुरुवातीचं अमाइन धन. मी बोटांवर मोजलं. डोक्याचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला भार निम्मा होतो तो आकडा, आठ, लायसिनचा साडेदहा, मधोमध नऊ पूर्णांक पंचवीस. हा समविद्युत बिंदू, इथे एकूण भार शून्य. माझं द्रावण सात पीएचचं, म्हणजे भार जवळपास अधिक एक. चिकटणारच!

कॉलम सुरू केल्याबरोबर पडद्यावरच्या आलेखात भलामोठा उंचवटा आला. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "अहो, हे काय निघालं एवढं?"

"कचरा," मी खेकसलो. "तुमचं तुम्ही बघा."

वाहून आलेलं सगळं टाकाऊ कॅनमध्ये ओतलं. त्यात आधीच दहा जणांची द्रावणं आणि ब्लीच होतं, त्यातून काही परत मिळण्यासारखं नव्हतं. मग चिकटलेलं सोडवायला मिठाचं पाणी सोडून मणी धुतले, पण हाती काही लागलं नाही. दुसऱ्यांदा धुतले, तिसऱ्यांदा धुतले. तेव्हा कुठे मी मूळ मागणीपत्र उघडलं.

वॉर्डात सर उशीला टेकून बसले होते. गालफडं बसलेली, डोळे मात्र तेच. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पाणी आणायला बाहेर गेल्या होत्या.

"काय रे गाढवा, झालं का माझं औषध? भार किती आला सातला?"

"अधिक नऊ दशांश, सर."

"क्रम सांग."

मी एकेका अमिनो आम्लाचं अक्षर ओळीने सांगितलं. त्यांनी तापाच्या तक्त्याची मागची बाजू घेतली आणि भार मांडू लागले. मध्येच थांबले.

"सुरुवातीला काही आहे का? टोपीबिपी?"

मागणीपत्रावर ती स्पष्ट लिहिली होती. "अ‍ॅसिटिल आहे."

"मग डोक्याचं अमाइन राहिलं कुठे? ते झाकलं गेलं." त्यांनी डोक्याचा एक खोडला. "दोन धन, दोन ऋण. ग्लुटामिक चार पूर्णांक दोन, लायसिन साडेदहा. मध्य सात पूर्णांक पस्तीस. सातला भार शून्य." त्याभोवती गोल काढला आणि माझ्याकडे पाहिलं. "चिकटलं नसेल."

"मी वहीत नुसती अक्षरं उतरवून घेतली, सर. टोपी अक्षरांत नसते ना..."

"वाहून आलेलं ठेवलं असशील."

हेच त्यांनी शिकवलं होतं. वर्गात रोज, टेबलावर डस्टर आपटून. चिकटलेलं हाती येईपर्यंत वाहिलेलं फेकायचं नाही.

"नाही, सर."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. एखादी शिवी घातली असती तर बरं झालं असतं. मला रडू फुटलं, घोड्याएवढा माणूस मी, त्यांचे पाय धरून रडलो.

"शेपटी बरोबर होती," ते म्हणाले. "अर्धे मार्क."

तेवढ्यात काकू तांब्या घेऊन आत आल्या. माझ्याकडे पाहिलं, मग सरांच्या मांडीवरच्या कागदाकडे. गोल त्यांना लगेच दिसला.

"शून्य आलंय? हे चांगलं की वाईट?"

सरांनी कागद पालथा केला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. सांगणं माझ्यावरच आलं.

"वाईट, काकू," मी म्हटलं. "औषध नाहीये. मी ओतून टाकलं."