सातव्या महिन्यातला आठ

बाळंतपणाची रजा संपवून ती ऑफिसात परतली त्याला तीन आठवडे झाले होते, आणि तीन आठवड्यांत तिला दिलेलं पहिलं खरं काम म्हणजे एक फोटो. ओढ्यावर पादचारी पूल बांधायचा होता. पलीकडे शाळा होती, अलीकडे वस्ती. पुलाची उंची ठरवायला ओढ्याच्या पाण्याची पातळी हवी होती, आणि ती अडतीस वर्षं एका जाड रजिस्टरात टाईप होत आली होती. त्यात सगळ्या वर्षांचा तक्ता एका पानावर होता; त्या पानाचं स्कॅन झालं होतं, स्कॅनचा स्क्रीनशॉट साहेबांनी काढला होता, आणि आता त्याचं सीएसव्ही करायचं होतं. म्हणजे एका वर्षाची एक ओळ, आकड्यांच्या मध्ये स्वल्पविराम, बाकी काही नाही.

"चारपर्यंत दे," साहेब म्हणाले. "चार वाजता नकाशेवाल्याला उंची सांगायची आहे. सॉफ्टवेअर करतं हे सगळं. तू फक्त बघ."

सॉफ्टवेअरने खरंच सगळं केलं. अर्ध्या मिनिटात. शून्याच्या जागी इंग्रजी ओ घातला, एकच्या जागी बारीक एल घातला, दोन ठिकाणी दशांशचिन्ह गिळून ओढ्याची पातळी दोनशे पस्तीस मीटरवर नेली. एका वर्षी एक चौकोन रिकामा होता, तर त्याच्या पुढचे सगळे महिने एकेक घर डावीकडे सरकून बसले. जणू कोणी उठून गेल्यावर बाकावरचे सगळे सरकतात तसे.

तिने सगळं निस्तरलं. कामाची तिची एक पद्धत होती. रजिस्टर टाईप करणाऱ्याने बारा महिन्यांनंतर 'वर्षातली कमाल' असा तेरावा रकाना केला होता. बारांतला सर्वांत मोठा आकडा आणि तेरावा आकडा एक असायला हवा. तिने तसा ताळा लावला. चौदा ओळी जुळल्या नाहीत. बहुतेक ठिकाणी एकच भानगड. टाईपरायटरच्या तिनाला शाई जास्त लागली की मशीनला तो आठ दिसायचा. फोटो मोठा करून तिने एकेक आकडा पाहिला आणि सुधारला. ताळा फक्त मोठा आकडा पकडतो, लहान आकडा चुकला तर त्याला पत्ता लागत नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून नकाशेवाल्याला शेजारी बसवून तिने सगळं पान वाचून घेतलं. तो फोटोवरून वाचणार, ती पडद्यावर टिकमार्क करणार.

नकाशेवाला एका सुरात वाचत होता. बाविसाव्या ओळीत, सातव्या महिन्यात येऊन थांबला. तिच्या पडद्यावर तिथे आठ पॉइंट चौदा होतं. कमालच्या रकान्यातही आठ पॉइंट चौदा. म्हणून ताळ्याने या ओळीबद्दल कधी तक्रार केली नव्हती.

"फोटोत डागच आहे," तो म्हणाला. "तीनही असेल, आठही असेल. बाकीच्या वर्षी कधी पाचच्या वर गेलंय का?"

नव्हतं गेलं. तिने साहेबांना विचारलं. साहेबांनी डोकं वर न करता सांगितलं की गेल्या तासात तूच नऊ आठांचे तीन केलेस, हा दहावा. तिने महिन्यातल्या आठाचा तीन केला. मग कमालच्या रकान्यातल्याचाही केला. ताळा जुळला. दीड वाजला होता.

फाइल पाठवायच्या आधी तिने घरी फोन लावला. सासूबाई फोनवर कधी घाईत नसायच्या. पोरीने भात खाल्ला नाही, ओरडली नाही, नुसती मांडीवर पडून राहिली, असं त्यांनी क्रमाने सांगितलं. ताप अडतीस पॉइंट चार. ती म्हणाली की आई, परत बघा, थर्मामीटरवर मी कालच बारीक ओरखडा पाहिला होता, दुसऱ्या बगलेत लावून बघा. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग बराच वेळ पंख्याचा.

"दोन्ही बगलांत तेवढंच आहे," सासूबाई म्हणाल्या. "आता थर्मामीटर बदलू की पोरगी?"

"पण आई, चुकीचं असेल तर?"

"चुकायचं असतं तर दोनदा सारखं कसं चुकेल? ताप आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध देतेय. तू ऑफिस सोडून येऊ नकोस, मला दोन माणसं सांभाळावी लागतील."

तिने फोन ठेवला. मग तिने सकाळचं, न सुधारलेलं सीएसव्ही परत उघडलं.

मशीन जिथे जिथे तिनाचा आठ करत होतं, तिथे ते एकाच जागी करत होतं. महिन्यात चुकायचं आणि कमालमध्ये बरोबर वाचायचं, किंवा उलट. म्हणूनच ताळ्याने त्या ओळी पकडून दिल्या होत्या. बाविसावी ओळ एकटीच अशी होती, जिथे दोन वेगळ्या जागी, दोन वेगळ्या डागांत, मशीनला आठच दिसला होता. आणि ताळा आता जुळत होता, कारण दोन्ही ठिकाणी तिनेच तीन लिहिले होते. ताळ्याला फसवायला तिला दहा सेकंद लागले होते.

तिने रेकॉर्ड रूममध्ये फोन केला. तिथल्या दप्तरदारांना त्या रजिस्टराचं स्कॅन केल्यापासून कोणी फोन केला नव्हता, त्यामुळे त्यांनी आधी तिची सगळी चौकशी केली. मग रजिस्टर काढलं, पान शोधलं, चष्मा शोधला.

"आठ पॉइंट चौदा," ते म्हणाले. "दोन्हीकडे. स्वच्छ आहे. शेरा पण आहे."

"कुठला शेरा?"

"शेवटच्या रकान्यात. तुमच्याकडे नाही आला?"

नव्हता आला. साहेबांच्या पडद्यावर पान पूर्ण मावलं नसणार, आणि मावलं तेवढ्याचाच स्क्रीनशॉट निघाला होता. दप्तरदारांनी शेरा वाचून दाखवला. मोजपट्टी बुडाली, नंतर झाडावरील गाळाच्या खुणेवरून मोजले, काठावरची घरे हलविली. तिच्या विनंतीवरून त्यांनी त्या पानाचा नवा फोटो पाठवला, कडेपासून कडेपर्यंत, त्यांच्या अंगठ्यासकट.

साहेबांनी फोटो पाहिला. मग तिने सांगितलं की दोन्ही ठिकाणी तीन तिनेच लिहिले होते, स्वतःच्या हाताने. साहेब म्हणाले की तीन करायला मीच सांगितलं.

"बाकीचे नऊ?" त्यांनी विचारलं.

"ते नवीन फोटोवरून परत बघितले. नऊच्या नऊ तीनच आहेत."

नकाशेवाल्याने अंदाजाने काढून ठेवलेली उंचीची कच्ची रेघ चार वाजायच्या आत पुसली. नवी रेघ काढायला त्याला कागद पुरला नाही, म्हणून त्याने मोठा कागद घेतला आणि साहेबांकडे बघत सांगितलं की खांब बदलतील, दोन्ही टोकांना चढ लागेल, पोरांना दप्तर घेऊन चढावं लागेल.

"चढू देत," साहेब म्हणाले.

ती परत फाइलकडे वळली. शेऱ्यात दोन स्वल्पविराम होते. तसाच घातला असता तर सीएसव्हीने एका शेऱ्याचे तीन रकाने केले असते, म्हणून तिने सगळा शेरा अवतरणचिन्हांत ठेवला. मोजपट्टीपासून घरांपर्यंत सगळं एकाच घरात बसलं. मग तिने फाइल साहेबांना पाठवली, आणि पाठवल्यावर पुन्हा उघडून बाविसावी ओळ बघितली. आठ होता. दोन्हीकडे.