जुनं बिस्किट मवाळ लागतं

शेवटच्या साध्या दिवशी आई माझ्यावर खेकसली, कारण मी बिस्किट चहात बुडवलं.

“अगं, नमुना आहे तो! आता चहाची चव सांगणार का मला?”

आल्याची बिस्किटं पूर्वी आम्ही घरामागच्या खोलीत भाजायचो. मागणी वाढली, आईचे खांदे दुखायला लागले, तेव्हा ते काम एका कारखान्याकडे दिलं. मालकांना आई ‘भट्टीवाले’ म्हणायची, ते तिला ‘ताई’. पीठ, लोणी, साखर त्यांची. मळणं, भाजणं, पाकिटं भरणंही त्यांचं. नाव आमचं, आणि नाव छापलेली वेष्टणं आम्हीच पाठवायचो. सुंठ, दालचिनी, मिरी आणि लवंगेचं मिश्रण मात्र आई घरीच करायची आणि तोललेल्या बंद पिशव्या धाडायची, एका घाण्याला एक. त्यात काय किती, हे तिला आणि मलाच माहीत. तयार मालाचे नमुने घरी यायचे. आईने होकार दिल्याशिवाय त्या मालाचा एकही खोका कारखान्याच्या गोदामातून हलायचा नाही. तसा करारच होता.

“करार नसता तरी कोणाची टाप होती?” आई म्हणायची.

त्या दिवशीही तिने कोमट पाणी प्यायलं, बिस्किट कानाजवळ धरून मोडलं, डोळे मिटून चावलं. मग नेहमीसारखं मला विचारलं, “कसं झालंय?”

“चालेल.”

“चालेल म्हणे! एकदा तरी तोंड भरून बोल की.”

मी हसले आणि कपाट उघडलं. प्रत्येक खेपेची दोन पाकिटं आम्ही मुदत संपेपर्यंत जपून ठेवायचो. त्यातलं एक जुनं बिस्किट काढून खाल्लं. “हे जास्त छान आहे.”

“ते मवाळ लागणारच, सुंठेचा जोर उतरलाय. ती पाकिटं गिऱ्हाइकाची तक्रार आली तर उघडायची, नव्याला नावं ठेवायला नाही,” असं काहीतरी ती बोलत राहिली. मी फोनमध्ये डोकं घातलं होतं. मग तिने भट्टीवाल्यांना कळवलं, “जाऊ द्या माल,” आणि उरलेला नमुना स्वतःच चहात बुडवून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही.

तिने भरून ठेवलेल्या पिशव्या काही महिने पुरल्या. त्या संपल्यावर मी तिचाच तराजू पुसून घेतला आणि पहिल्यांदा एकटीने मिश्रण केलं. त्याचा माल तयार झाला तेव्हा नमुन्याची वाट न बघता मी कारखान्यातच गेले. पर्समध्ये तिने पसंत केलेल्या शेवटच्या खेपेचं एक पाकीट होतं.

भट्टीवाल्यांनी मला तपासणीच्या खोलीत बसवलं. काचेपलीकडे खोक्यांच्या थप्प्या होत्या, त्यांवर ‘थांबवलेला माल’ अशा पिवळ्या पाट्या.

“ओलावा, वजन, रंग, सगळं ठरल्याप्रमाणे आहे,” ते म्हणाले. “चवीचं तेवढं तू सांगायचं, पोरी.”

मी आईचं पाकीट उघडलं. एक घास तिचा, एक माझा. माझं बिस्किट जिभेला झोंबलं. पुन्हा खाल्लं. पुन्हा तसंच.

“हे आईचं नाही,” मी म्हणाले. “माल सोडू नका. आणि काका, पुढचा घाणाही घेऊ नका. तिच्या नावावर मी भलतंच काही विकणार नाही. बंदच करू.”

ते टेबलावरचा चुरा बोटाने गोळा करत राहिले. “तू नाही म्हणालीस तर नाही. पण सुरुवातीला ताई इथे यायच्या, तेव्हा पाणी पिऊन दुसऱ्यांदा खायच्या. माल काही पळून जात नाही.”

त्यांनी कोमट पाणी आणून दिलं. पिता पिता मी आईचं पाकीट उलटसुलट करत होते, आणि त्यावरच्या तारखेपाशी अंगठा थांबला. हे पाकीट कपाटात महिनोन्महिने पडून होतं. चहाच्या कपावर वाकलेली आई आठवली. जोर उतरलाय, म्हणाली होती ती. नव्याला नावं ठेवायला नाही.

मी तिचं पाकीट मिटून बाजूला ठेवलं. नवीन बिस्किट कानाजवळ मोडलं, डोळे मिटले. आधी लोण्याचा गोडवा, मग दालचिनी. सुंठ सगळ्यात शेवटी आली, घशातून नाकात चढली, आणि मी घरामागच्या खोलीत उभी होते. ताटं भट्टीतून नुकती बाहेर आली होती. आई पदराने कपाळ पुसत होती.

“काका,” मी म्हणाले, “जाऊ द्या माल.”

“नक्की?”

“नक्की. पुढच्या पिशव्या सोमवारी पाठवते.”

ते लगबगीने बाहेर गेले. काचेपलीकडे कोणीतरी पिवळ्या पाट्या काढायला लागलं. खोलीत मी आणि ती दोन पाकिटं. मी आईच्या पाकिटातलं एक बिस्किट उचललं आणि सावकाश, पूर्ण खाल्लं. चहाशिवाय.

“छान झालंय गं, आई,” मी मोठ्याने म्हणाले. “नेहमीच छान व्हायचं.”