जयवंताच्या अमेरिकेची बोलणी

जयवंता अमेरिकेला चालली, ही बातमी गावाकडे, कुहीत पोचली तेव्हा पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. तिच्या धाकट्या बहिणीला, कामिनीला, मात्र ती ऐकून भाताच्या पातेल्यावरचं झाकण आदळावंसं वाटलं आणि तिनं ते आदळलंही.

"कोणाले इचारून जाऊन राहिली वं?" ती फोनवर ओरडली.

कामिनीची नागपूरजवळ हिंगण्याच्या कारखान्यांपाशी खानावळ होती. पहिल्या पाळीचे कामगार डबे घेऊन जायचे, दुसऱ्या पाळीचे संध्याकाळी पाटावर बसून जेवायचे. हसतमुख बाई. पण परदेशी नोकरीचं नाव निघालं की तिचं हसू मावळायचं. काही वर्षांपूर्वी एका एजंटनं तिला फिरायला जायच्या व्हिसावर आखातात घरकामाला नेलं होतं. कागद अरबीत होता, अंगठा तिचा होता. उतरल्या दिवशीच मालकिणीनं पासपोर्ट कपाटात टाकला आणि चावी कमरेला लावली. पगार मागितला की ती कपाटाकडे बोट दाखवायची. शेवटी एके दिवशी कचरा टाकायच्या निमित्तानं कामिनी बाहेर पडली, तडक आपल्या दूतावासात गेली, आणि त्यांनीच तिला घरी आणलं.

जयवंताची गोष्ट वेगळी होती, निदान जयवंताला तरी तसं वाटत होतं. नागपूरला त्रिमूर्तीनगरात हर्षित आणि रितिका या जोडप्याकडे ती चार वर्षांपासून कामाला होती. त्यांची जुळी पोरं तिच्याच मांडीवर वाढलेली. हर्षितच्या कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी टेक्सासला पाठवायचं ठरवलं, आणि पोरांनी मावशीशिवाय विमानात बसायला साफ नकार दिला.

"जायचं तर जा," कामिनी म्हणाली, "पण कागद माह्यासमोर वाचला पाहिजे."

म्हणून रविवारी कामिनी त्रिमूर्तीनगरात धडकली. सोबत थोरला भाऊ शालिकराम, धुतलेलं धोतर नेसून. तो सोफ्यावर असा ऐसपैस बसला, की मुलीकडची मंडळी बोलणीला आली असंच कोणालाही वाटावं.

रितिकानं चहा दिला आणि कागद पुढे केला. "करार इंग्रजीत आहे आणि मराठीतही. मावशींना समजेल अशा भाषेत नसला तर मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत चालत नाही."

"मोठ्यानं वाचा," कामिनी म्हणाली.

रितिकानं वाचायला घेतलं. राहायला वेगळी खोली, फुकट. जेवण फुकट. जायचं-यायचं तिकीट मालकाचं. कामाचे तास ठरलेले, त्यावर काम झालं तर जास्तीचे पैसे. काम संपल्यावर ती घरात थांबलीच पाहिजे, असं बंधन नाही. दुसऱ्या कोणाकडे काम करायचं नाही. सोडायचं असेल तर दोघांपैकी कोणीही दोन आठवडे आधी सांगायचं. पासपोर्ट आणि कराराची प्रत जयवंताजवळच राहील.

शालिकराम प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. "मंजूर आहे गा," तो म्हणाला. "आता पगार सांगा."

इथं हर्षित खाकरला. माणूस भला, पण हिशेबानं घाबरलेला. "पगार तिथल्याच दरानं द्यावा लागतो. तिथला किमान दर आणि त्या भागात त्या कामाचा चालू दर, यांत जो जास्त असेल तो. आमचा व्हिसाचा एजंट म्हणतो की सगळेच असं करतात... कागदावर तोच दर लिहायचा आणि मावशींनी त्यातले थोडे दर महिन्याला आम्हाला परत द्यायचे. तरी इथल्यापेक्षा कितीतरी जास्तच होतील."

खेळण्यातल्या गाड्या ढकलणारी पोरंही वर बघू लागली.

कामिनीच्या डोळ्यांसमोर ते कपाट आलं. तिनं कप खाली ठेवला. ती भांडायला उठणार, तोच जयवंता बोलली. जयवंता सहसा मालकासमोर बोलायची नाही.

"हर्षितभाऊ, मुंबईले व्हिसाचा साहेब मले एकटीले बोलावून इचारणार. तुमी नसणार तिथं. मी काय सांगू त्याले? खोटं सांगू?" ती थोडी थांबली. "मले खोटं सांगता येत नाही. पोरायची शप्पथ खाऊन तर बिल्कुलच नाही. मग माह्या जागी दुसरी कोणी पाहा."

पोरांपैकी एकानं लगेच भोकाड पसरलं.

हर्षित लाल झाला. रितिकानं त्याच्याकडे असं पाहिलं, की पुढची दहा वर्षं तो एजंटचं नाव काढणार नाही. "हा दुसरा हिशेब होणार नाही," ती म्हणाली. "पूर्ण दर परवडत नसेल तर तास कमी करू. शनिवार-रविवार मुलं आपली. सकाळचं खाणं तू करायचंस."

"मी?"

"मग कोण? तुले हात नाहीत काय?"

रागात रितिकाच्या तोंडून नागपुरी निघाली आणि शालिकराम इतक्या जोरात हसला, की चहा त्याच्या धोतरावर सांडला. तिथून पुढं सगळं सोपं झालं. तास खोडून नवे लिहिले, पगार दोनदा वाचला. सही करायच्या आधी कामिनीनं बहिणीच्या कानात विचारलं, "मन आहे ना वं तुहं? कोणी म्हणते म्हणून नको जाऊ."

"मले समुद्र वरून पाहायचा हाये," जयवंता म्हणाली आणि सही केली.

मुंबईहून परतल्यावर तिनं व्हिसाच्या मुलाखतीची गोष्ट खानावळीत सगळ्यांना साभिनय सांगितली. काचेपलीकडे गोरी बाई, बाजूला मराठी बोलणारी पोरगी. हर्षित-रितिकाला दूर बसवलं होतं. "मले इचारलं, किती वर्षं काम करता? पगार किती ठरला? सुट्टी कधी? पासपोर्ट कोणाजवळ राहील? मी म्हटलं, माह्याजवळ, अन् कोणी मागितला तर देणार नाही. बाई हसली. मग एक पुस्तिका देली. त्यात आपले हक्क लिहिले हायेत. कोणी त्रास देला, पगार अडकवला, तर कोणत्या नंबरावर फोन करायचा तेही हाये. म्हणे, समजलं काय, ते तुमच्या शब्दात सांगा. मी सांगतच बसली. शेवटी तीच म्हणाली, पुरे."

कामिनीनं त्या दिवशी सगळ्यांना वाटीभर जास्तीचं वरण वाढलं. पुस्तिकेतला तो नंबर तिनं स्वतःच्या फोनमध्येही भरून घेतला.

व्हिसा मिळाला. जयवंता गेली. पोचल्यावर मात्र अशी गंमत झाली, जी बोलणीत कोणी धरलीच नव्हती. तिथला कामाचा परवाना हातात येईपर्यंत तिला काम करायची मुभाच नव्हती. अर्ज केलेला, पण परवान्याला महिने लागणार. तोवर राहणं-खाणं मालकाकडे, आणि हातांना सुट्टी.

एका संध्याकाळी, दुसऱ्या पाळीची माणसं पाटावर बसलेली असताना, तिचा व्हिडिओ फोन आला. तिकडे सकाळ होती. जयवंता सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. मागे ओट्यापाशी हर्षित, कोपरापर्यंत कणकेनं माखलेला.

"पाहून राहिली ना वं?" जयवंता कुजबुजली. "माह्या हाताले खाज सुटून राहिली. पण तो म्हणते, मावशी, कपही उचलायचा नाही, नियम म्हणजे नियम!"

"मावशी, हे चिकटतंय!" मागून हर्षित ओरडला.

कामिनीनं फोन भिंतीला टेकवला, पदर खोचला आणि खानावळीत जेवणारे कामगार हातातला घास थांबवून बघत असताना टेक्सासला ओरडून सांगितलं, "अहो भाऊ, पाणी एकदम नाही टाकत! सुकं पीठ घ्या. थोडं अजून. आता तेलाचा हात लावा... हां, आता मळा!"